रस्ते, उभयचर प्राणी आणि भुयारी मार्ग : सर्वेक्षणाची आखणी कशी करावी?

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात माँक्टन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील एका रस्त्याच्या एका बाजूस जंगलाचा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूस पाणथळ जमीन आहे. हिवाळा जमिनीखाली काढलेले सॅलमँडर आणि बेडूक बर्फ वितळू लागताच पहिल्या पावसाच्या रात्री जंगलातून निघून अंडी घालण्यासाठी पाण्याकडे जातात आणि त्यासाठी त्यांना हा रस्ता ओलांडावा लागतो. २००६ सालच्या वसंत ऋतूत अवघ्या दोन रात्रींत या रस्त्यावर एक हजाराहून अधिक उभयचर प्राणी वाहनांखाली सापडून मेल्याची नोंद झाली. पुढे २०१५ मध्ये तेथे रस्त्याखालून जाणारे दोन भुयारी मार्ग बांधण्यात आले आणि प्राण्यांना त्यांच्या तोंडाकडे वळविण्यासाठी रस्त्याच्या कडेने आडभिंती उभारण्यात आल्या.

भुयार बांधून झाल्यावर साहजिकच प्रश्न येतो, की त्याचा उपयोग झाला का? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर देणारे सर्वेक्षण आखणे सोपे नाही. भुयारात कॅमेरा लावला आणि त्यात शेकडो बेडूक दिसले म्हणजे उपयोग सिद्ध झाला, असे अनेकांना वाटते. परंतु त्यावरून फक्त भुयारातून बेडूक जातात एवढेच कळते. किती वाचले, किती जण भुयार न सापडल्याने परत फिरले आणि रस्त्यावर अजून किती मरतात, यांपैकी कशाचेही उत्तर त्यातून मिळत नाही. प्रस्तुत लेखात अशा सर्वेक्षणाची आखणी टप्प्याटप्प्याने पाहावयाची आहे.

मृतांची संख्या काय सांगते आणि काय सांगत नाही

रस्त्याचा उभयचरांवर परिणाम दोन प्रकारे होतो. पहिला म्हणजे प्रत्यक्ष मृत्यू. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसाला सुमारे ३,२०० वाहने जाणारा रस्ता ओलांडताना उभयचर प्राणी मरण्याची शक्यता जातीनुसार ३४ ते ६१ टक्के इतकी काढण्यात आली. द्रुतगती मार्गावर तीच शक्यता ८९ ते ९८ टक्क्यांपर्यंत जाते. दुसरा परिणाम म्हणजे अडथळा. प्राणी रस्त्याकडे फिरकतच नाहीत किंवा कडेवरून परत जातात, आणि अधिवासाचे दोन तुकडे एकमेकांपासून तुटतात.

यातून एक फसवी परिस्थिती निर्माण होते. कॅनडातील ओटावा परिसरात लेनोर फॅरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की वाहतूक जसजशी वाढते तसतसे रस्त्यावर दिसणाऱ्या बेडकांपैकी मेलेल्यांचे प्रमाण वाढते, परंतु जिवंत व मृत मिळून एकूण संख्या मात्र घटते. रस्त्याकडेच्या पाणवठ्यांवर ऐकू येणारे बेडकांचे आवाजही जास्त वाहतुकीच्या ठिकाणी कमी होते. याचा अर्थ असा, की रस्त्यावर मृत प्राणी कमी दिसणे हे नेहमीच शुभचिन्ह नसते. तेथे मरण्यासारखे प्राणीच उरले नसतील, अशीही शक्यता असते. म्हणून केवळ मृतांची मोजणी करून 'हा रस्ता सुरक्षित आहे' असा निष्कर्ष काढता येत नाही. मृतांच्या मोजणीला त्या भागातील प्राण्यांच्या संख्येच्या अंदाजाची जोड हवीच.

आधी आणि नंतर, येथे आणि तेथे

समजा, भुयार बांधण्यापूर्वीच्या वर्षी अमुक पट्ट्यात रोज सरासरी ३० मृत प्राणी सापडत होते आणि बांधल्यानंतर ९ सापडू लागले. घट ७० टक्के झाली. परंतु दुसऱ्या वर्षी पाऊसच कमी झाला असेल, तर भुयार नसतानाही मृतांची संख्या घटलीच असती. ही अडचण दूर करण्यासाठी त्याच रस्त्यावर, पण भुयार व आडभिंतीपासून पुरेशा अंतरावर, एक तुलनेचा पट्टा घ्यावा लागतो. तेथे काहीही बांधलेले नसते, परंतु दोन्ही काळांत मोजणी मात्र त्याच रात्री, त्याच पद्धतीने होते.

वरील उदाहरण पुढे नेऊ. हे सर्व आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. तुलनेच्या पट्ट्यात आधी सरासरी २० आणि नंतर १० मृत प्राणी सापडले, म्हणजे काही न बांधताच तेथे संख्या निम्मी झाली. त्याच न्यायाने भुयाराच्या पट्ट्यातही, भुयार नसते तर, ३० ची निम्मी म्हणजे १५ ही संख्या अपेक्षित होती. प्रत्यक्षात ९ सापडले. म्हणून भुयारामुळे झालेली घट १५ वरून ९ एवढी, म्हणजे ४० टक्के ठरते. सूत्ररूपाने लिहावयाचे तर :

भुयाराचा परिणाम = १ − (९ ÷ ३०) ÷ (१० ÷ २०) = १ − ०.३ ÷ ०.५ = ०.४

तुलनेचा पट्टा नसता तर ७० टक्के असा निष्कर्ष निघाला असता. येथे वजाबाकी न करता गुणोत्तर घेण्याचे कारण असे, की पाऊस किंवा हंगाम यांचा परिणाम दोन्ही ठिकाणी ठराविक संख्येने नव्हे, तर साधारणतः सारख्या प्रमाणात होतो.

माँक्टन येथील अभ्यास याच रचनेवर आधारलेला आहे. बांधकामापूर्वीची काही वर्षे आणि नंतरची सात वर्षे मोजणी करण्यात आली. व्हरमाँट विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, तुलनेच्या पट्ट्यांचा विचार करता उभयचरांचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. चढता न येणाऱ्या जाती वेगळ्या काढल्यास ही घट सुमारे ९४ टक्के होती. दोन आकड्यांतील हा फरक बोलका आहे. स्प्रिंग पीपर नावाचा लहान बेडूक बोटांच्या चिकट टोकांच्या आधारे भिंत चढून रस्त्यावर येऊ शकतो. सॅलमँडर तसे करू शकत नाही. सर्व जाती एकत्र मोजल्या असत्या तर भिंतीचा हा दोष सरासरीत दडून गेला असता. म्हणून नोंदवहीत प्रत्येक प्राण्याची जात, किमान चढणारा की न चढणारा हा गट, लिहिलाच पाहिजे.

तुलनेचा पट्टा निवडताना एक चूक वारंवार होते. भुयार नेहमी जेथे सर्वाधिक मृत्यू झाले तेथे बांधले जाते. एखाद्या वर्षी एखाद्या जागी फार मृत्यू होण्यात योगायोगाचाही वाटा असतो आणि पुढील वर्षी ती संख्या आपोआप सरासरीकडे उतरते. तुलनेचा पट्टा मुळातच कमी मृत्यूंचा निवडला तर ही उतार भुयाराच्या खात्यात जमा होते. उपाय दोन आहेत. तुलनेसाठीही जास्त मृत्यूंचाच पट्टा घ्यावा, आणि 'आधीची' मोजणी एका वर्षावर न थांबवता किमान दोन-तीन हंगाम करावी. शक्य असल्यास तुलनेचे पट्टे एकाऐवजी तीन-चार असावेत. एकाच पट्ट्यावर पन्नास रात्री मोजणी केली म्हणजे पन्नास स्वतंत्र पुरावे झाले असे नाही. त्या पट्ट्याजवळ एक नवे घर झाले किंवा एक डबके आटले, तर पन्नासही नोंदी एकाच दिशेने झुकतात.

भिंतीच्या टोकाचा प्रश्न

आडभिंतीला येऊन थडकलेला बेडूक तिच्या कडेने चालू लागतो. तो भुयाराकडे वळला तर ठीक, पण उलट दिशेने गेला तर भिंत संपताच रस्त्यावर येतो. अशा वेळी मृत्यू टळत नाहीत, केवळ जागा बदलतात. मोजणी फक्त भिंतीच्या आतील पट्ट्यात केली तर हे कधीच लक्षात येणार नाही. यासाठी भिंतीच्या दोन्ही टोकांना लागून तिसऱ्या प्रकारचा पट्टा वेगळा मोजावा. माँक्टन येथेही भुयाराचा पट्टा, टोकाचा पट्टा व तुलनेचा पट्टा असे तीन भाग वेगळे ठेवले होते.

मघाच्याच गृहीत उदाहरणात टोकाच्या पट्ट्यात आधी रोज ४ आणि नंतर ७ मृत प्राणी सापडले असे मानू. हंगामाचा परिणाम धरता तेथे २ अपेक्षित होते, म्हणजे ५ जास्त मेले. मधल्या पट्ट्यात रोज ६ वाचले आणि टोकांना ५ जास्त मेले. निव्वळ लाभ रोज एका प्राण्याचा. कागदावर ४० टक्के यशस्वी ठरणारी रचना प्रत्यक्षात जवळजवळ निरुपयोगी ठरते. अशा वेळी भुयार पाडण्याचे कारण नाही. भिंत लांबविणे किंवा तिचे टोक जंगलाच्या बाजूस वळवून प्राण्याला परत फिरविणे एवढाच उपाय पुरतो. परंतु दोष कळण्यासाठी तो पट्टा मोजलेला असावा लागतो.

रात्र कोणती निवडावी आणि मोजावे कसे

उभयचरांची हालचाल वर्षभर सारखी नसते. थंड प्रदेशात वसंतातील मोजक्या पावसाळी रात्रींतच बहुतेक स्थलांतर उरकते. म्हणून महिन्यातून दोन ठराविक तारखांना मोजणी करण्यात अर्थ नाही, आणि 'आज बेडूक खूप दिसतात' अशी बातमी आल्यावर धावत जाणे त्याहून वाईट, कारण मग मोठ्या आकड्यांच्याच रात्री नोंदल्या जातात. सर्वेक्षणाचा नियम आधी लिहून ठेवावा. उदाहरणार्थ, सायंकाळी पाऊस पडत असेल आणि तापमान ठरविलेल्या अंशावर असेल, तर सूर्यास्तानंतर एक तासाने मोजणी सुरू होईल. बांधकामाच्या आधी आणि नंतर हाच नियम पाळावा.

मोजणी पायी करावी. चालत्या मोटारीतून लहान बेडूक दिसत नाहीत आणि मोजणी करणारी मोटारच त्यांना चिरडण्याची भीती असते. दोघांनी रस्त्याच्या दोन कडांनी बॅटरी घेऊन सावकाश चालावे, जिवंत आणि मृत यांची वेगवेगळी नोंद करावी, आणि जिवंत प्राणी कोणत्या दिशेला जात होता तेही लिहावे. त्याच वेळी दर तासाला किती वाहने गेली तेही मोजावे. दिवसभराच्या वाहतुकीची सरासरी येथे उपयोगी नाही, कारण बेडूक रस्त्यावर येतो तो रात्री.

कितीही काळजी घेतली तरी सर्व शवे सापडत नाहीत. याचा अंदाज एका सोप्या युक्तीने घेता येतो. एकाच पट्ट्यावरून दोन जण काही मिनिटांच्या अंतराने, एकमेकांची नोंद न पाहता जातात. पहिल्याला २४ शवे सापडली, दुसऱ्याला २० आणि त्यांपैकी १६ दोघांनाही सापडली असे समजा. दुसऱ्याने पाहिलेल्या २० पैकी १६ पहिल्यानेही पाहिली, म्हणजे पहिल्याची शोधक्षमता ८० टक्के. त्यावरून एकूण शवे २४ भागिले ०.८, म्हणजे ३० असावीत.

दुसरी गळती शवे नाहीशी होण्याची. चाकांखाली वारंवार चिरडून, पावसाने वाहून किंवा पक्षी व इतर प्राण्यांनी उचलून नेल्यामुळे लहान शव फार काळ टिकत नाही. पोर्तुगालमधील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान प्राण्यांची शवे साधारण एका दिवसातच नाहीशी होतात असे आढळले. यावर उपाय म्हणजे रात्री सापडलेल्या काही शवांशेजारी रस्त्यावर रंगाची छोटी खूण करावी, शव जागीच ठेवावे आणि पहाटे परत येऊन किती उरली ते पाहावे. ४० पैकी १० च उरली, तर केवळ सकाळी होणाऱ्या मोजणीतून तीन चतुर्थांश मृत्यू निसटतात हे स्पष्ट होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही गळती आधी आणि नंतर, तसेच सर्व पट्ट्यांत सारखीच असेल, तर गुणोत्तर काढताना ती आपोआप रद्द होते. धोका असतो तो गळती बदलण्याचा. डांबरीकरण नवे झाले की काळ्या पृष्ठभागावर शव वेगळे दिसते, वाहने वाढली की शव लवकर नष्ट होते, मोजणारे विद्यार्थी बदलले की नजर बदलते. म्हणून वरील दोन्ही चाचण्या एकदाच करून न थांबता दर हंगामात आणि प्रत्येक पट्ट्यावर कराव्यात.

भुयाराच्या तोंडाशी काय घडते

मृत्यू घटले तरी अडथळा वाढला नाही ना, हे वेगळे तपासावे लागते. भक्कम भिंत आणि निरुपयोगी भुयार यांच्या संयोगाने मृत्यू शून्यावर येतील, पण एकही प्राणी पाण्यापर्यंत पोहोचणार नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट येथे १९८७ मध्ये हेन्री स्ट्रीट या रस्त्याखाली ठिपकेवाल्या सॅलमँडरांसाठी दोन भुयारे बांधण्यात आली. तेथे १९८८ च्या हंगामात स्कॉट जॅक्सन आणि थॉमस टायनिंग यांनी सॅलमँडरांवर खुणा करून त्यांचा माग घेतला. भुयाराच्या तोंडापर्यंत पोहोचलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पलीकडे गेले. या आकड्याची किंमत त्याच्या छेदात आहे. 'इतके प्राणी गेले' असे न सांगता 'आलेल्यांपैकी इतके गेले' असे तो सांगतो. उरलेला चौथा हिस्सा तोंडाशी घुटमळून परत का जातो, भुयार आत फार कोरडे आहे की फार अंधारे, हे प्रश्न मग नेमकेपणाने विचारता येतात.

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा आहे. वन्यप्राण्यांसाठी वापरले जाणारे नेहमीचे कॅमेरे प्राण्याच्या अंगातील उष्णतेमुळे सुरू होतात. बेडकाचे शरीर आजूबाजूच्या हवेइतकेच थंड असल्यामुळे असा कॅमेरा त्याला बव्हंशी ओळखतच नाही. म्हणून दर काही सेकंदांनी आपोआप छायाचित्र घेईल अशी मांडणी करावी लागते. तसेच एकच बेडूक चार वेळा तोंडाशी येऊन गेला तर कॅमेरा चार बेडूक दाखवितो. तेव्हा छायाचित्रांची संख्या ही प्राण्यांची संख्या नव्हे.

अखेरची कसोटी : पाणवठा

भुयाराचे खरे मूल्य प्राण्यांची वस्ती टिकली की नाही यावर ठरते. जेम्स गिब्ज आणि ग्रेगरी श्रायव्हर यांनी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ठिपकेवाल्या सॅलमँडरांच्या बाबतीत गणिताने दाखविले, की रस्त्यावरील मृत्यूंमुळे दरवर्षी प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून अधिक मरत असतील, तर स्थानिक वस्ती कालांतराने नष्ट होऊ शकते. हा प्राणी अनेक वर्षे जगतो आणि वस्तीचे टिकणे प्रौढांच्या जगण्यावर अवलंबून असते. त्यामुळे रस्त्यावरचे शंभर मृत्यू मोठे की लहान, हे त्या पाणवठ्यावर येणारे प्रौढ तीनशे आहेत की तीन हजार, यावर ठरते. ही संख्या अजमावण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाण्यातील अंड्यांचे पुंजके दरवर्षी त्याच सुमारास मोजणे. मात्र अंड्यातून निघालेले पिल्लू प्रौढ होऊन परत येण्यास काही वर्षे लागतात. म्हणून भुयाराचा वस्तीवरील परिणाम दोन वर्षांत दिसत नाही आणि दोन वर्षांनी 'फरक नाही' असा अहवाल देणे चुकीचे ठरते.

सह्याद्रीच्या संदर्भात

पश्चिम घाटातही हा प्रश्न नवा नाही. शरावती नदीच्या खोऱ्यातील रस्त्यांवर मरणाऱ्या उभयचरांची मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. बेळगाव, गोवा किंवा सिंधुदुर्गच्या घाटरस्त्यांवर महाविद्यालयांना असे सर्वेक्षण आखावयाचे झाल्यास वरील रचना तीच राहील, पण तीन गोष्टी बदलतील. येथे स्थलांतर चार-दोन रात्रींत आटोपत नाही. हालचाल पावसाळाभर विखुरलेली असते, म्हणून मोजणीच्या रात्री जून ते सप्टेंबरपर्यंत पसरवाव्या लागतील. येथे झाडांवर राहणाऱ्या बेडकांच्या अनेक जाती असल्याने चढणारे आणि न चढणारे ही विभागणी अधिकच आवश्यक ठरेल. आणि रस्त्याखालच्या मोऱ्या पावसाळ्यात वेगाने वाहत असतात. त्यांतून कोरड्या दिवसांत बेडूक जाऊ शकतो, म्हणजे पावसाळ्यातही जातो असे गृहीत धरता येणार नाही. मोरीत पाण्यावर राहील असा कोरडा काठ आहे का, याची नोंद प्रत्येक फेरीत करावी.

प्राणी हाताळावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. केवळ मोजणीसाठी हाताळण्याची गरजही नसते. एका पाणवठ्याहून दुसऱ्याकडे जाताना बूट धुऊन निर्जंतुक करावेत, कारण उभयचरांचा बुरशीजन्य रोग चिखलाबरोबर पसरतो. रात्रीच्या घाटरस्त्यावर विद्यार्थ्यांना चमकत्या पट्ट्यांची जाकिटे आणि वाहनांवर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र माणूस यांशिवाय उतरवू नये.

मनुष्यबळ मर्यादित असेल तर कशाला कात्री लावावी, हा प्रश्न शेवटी उरतोच. कॅमेरे वगळता येतील, पट्ट्यांची लांबी कमी करता येईल, रात्रीही कमी करता येतील. परंतु बांधकामापूर्वीची मोजणी आणि तुलनेचा पट्टा या दोन गोष्टी वगळता येत नाहीत. तुलनेचा पट्टा उशिरा का होईना सुरू करता येतो, पण रस्त्याचे काम एकदा सुरू झाले की 'आधी' काय होते ते मोजण्याची संधी कायमची गेलेली असते. म्हणून एखाद्या घाटात रुंदीकरण किंवा नवी मोरी मंजूर झाल्याचे कळताच पहिली मोजणी त्याच पावसाळ्यात सुरू व्हावयास हवी.